अलोणखादकं: एका शब्दामागचं मीठ

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाचं लेणं पाहायला लोक जातात ते बहुधा त्याच्या दारावरच्या कोरीवकामासाठी. मी तिथे गेलो की माझी मान वर होते ती ओसरीच्या भिंतीकडे. तिथे गौतमीपुत्र सातकर्णीची दोन आज्ञापत्रं कोरलेली आहेत, एक त्याच्या अठराव्या राज्यवर्षातलं आणि एक चोविसाव्या. पहिल्या आज्ञेत राजा गोवर्धन इथल्या आपल्या अमात्याला, विष्णुपालिताला, सांगतो की पश्चिम काखडी गावातलं दोनशे निवर्तनांचं शेत, जे पूर्वी उषवदाताकडे होतं, ते आम्ही त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं आहे. पुढे या शेताला कोणत्या सवलती आहेत ते प्राकृतात एकापाठोपाठ एक येतं. राजाच्या माणसांनी त्यात शिरू नये, त्याला हात लावू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करू नये. या ओळीच्या मधोमध एक शब्द आहे: अलोणखादकं. एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडात सेनार या फ्रेंच पंडिताने हे लेख प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने या शब्दाचा अर्थ लावला, 'मिठासाठी खणण्यापासून मुक्त'. संस्कृतात सांगायचं तर अलवणखातक.

पहिल्यांदा हा अर्थ वाचला तेव्हा मी चक्रावलो होतो. समुद्र इथून सरळ रेषेत धरला तरी शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, आणि मध्ये सह्याद्री आडवा. भिक्षूंच्या ज्वारी-बाजरीच्या शेतात मीठ खणायला राजाचा माणूस येईलच कशाला? आणि येणार नसेल तर ती मनाई दगडात कोरून घेण्याची यातायात कोण करील? दानपत्रातले शब्द फुकटचे नसतात. ज्या त्रासाची भीती असते त्याच त्रासापासून मुक्तता मागून घेतली जाते.

या एका शब्दाचा पाठलाग करता करता मी आधी खाली कोकणात, खाडीकाठच्या चिखलात गेलो आणि मग पुन्हा घाट चढून वर आलो. हा लेख त्याच क्रमाने जातो.

आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की समुद्राचं पाणी उन्हात वाळवलं की मीठ उरतं. हे वाक्य खोटं नाही, पण त्याप्रमाणे कोणी मीठ करायला गेला तर त्याच्या हाती खाण्याजोगं काही लागणार नाही. एक लिटर समुद्रपाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यातलं आपलं जेवणातलं मीठ फक्त सत्तावीस ग्रॅमच्या आसपास. उरलेल्या आठ ग्रॅमांत चुना आहे, चिरोडी म्हणजे जिप्सम आहे, आणि मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार आहेत. हे मॅग्नेशियमचे क्षार चवीला कडू असतात आणि हवेतलं पाणी ओढून घेतात. सगळं पाणी एकाच थाळीत आटवलं तर हे सारं एकत्र खाली बसतं. जो गोळा उरतो तो कडवट असतो आणि पावसाळी हवेत त्याचा चिखल होतो.

मिठागराची खरी विद्या वेगळं करण्याची आहे. निसर्गाने त्यासाठी एक सोय करून ठेवलेली आहे: हे क्षार एकदम खाली बसत नाहीत, पाळीपाळीने बसतात. युझिग्लिओ नावाच्या रसायनज्ञाने 1849 साली भूमध्य समुद्राचं पाणी आटवून ही पाळी मोजून दाखवली. पाणी निम्मं होईपर्यंत चुना बसू लागतो. पाचव्या हिश्शाच्या आसपास आलं की चिरोडी. मीठ मात्र पाणी दहाव्या हिश्शावर येईपर्यंत विरघळलेलंच राहतं, आणि एकदा बसायला लागलं की भराभर बसतं. तिसाव्या हिश्शापर्यंत पाणी आटलं की तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ खाली आलेलं असतं. त्यानंतर जे पाणी उरतं त्यात कडू क्षारांचा जोर होतो. म्हणजे मीठ धरायची एक खिडकी आहे, दहाव्या हिश्शापासून तिसाव्या हिश्शापर्यंत. त्याआधीचं पाणी दुसरीकडे आटवून आणायचं आणि त्यानंतरचं पाणी सोडून द्यायचं.

युझिग्लिओच्या मोजमापाआधी किमान दोन हजार वर्षं लोक हे करत होते. कसं ओळखत असतील? उरण-पेणच्या पट्ट्यातल्या एका मिठागरावर मी हा प्रश्न एका म्हाताऱ्या आगरी बाबांना विचारला. त्यांनी वाफ्यातलं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं आणि म्हणाले, "खारा लागतं तवर आपला, करू झाला का खारीचा." आगरी बोलीत ड चा र होतो, त्यामुळे करू म्हणजे कडू आणि खारी म्हणजे खाडी. जोवर खारट लागतं तोवर पाणी आपलं, कडू झालं की खाडीचं. आणखी एक खूण डोळ्यांना दिसते. पाणी मीठ धरायच्या बेताला आलं की त्याला लालसर, गुलाबी झाक येते. इतक्या तीव्र खाऱ्या पाण्यात जगू शकणारे सूक्ष्म जीव तिथे माजतात, त्यांचा तो रंग. वाफा लाल पडायला लागला की आगरी समजतो, आता मीठ आलं.

वाफे उथळ का, हेही एकदा हिशेब मांडून पाहण्यासारखं आहे. ऊन आणि वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून पाणी उडवतात, त्यांना खाली किती खोली आहे याच्याशी देणंघेणं नसतं. कोकणच्या उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडतं असं धरू. एका गुंठ्यात दहा सेंटिमीटर समुद्रपाणी भरलं तर ते दहा हजार लिटर होतं. मीठ बसायला सुरुवात व्हावी म्हणून त्याचा एक सेंटिमीटर उरला पाहिजे, म्हणजे नऊ सेंटिमीटर उडाले पाहिजेत. त्याला अठरा दिवस लागतात. प्रत्यक्षात थोडे अधिक, कारण पाणी जितकं खारं होत जातं तितकं ते उडायला नाखूष होतं. आता हेच पाणी एक मीटर खोल तळ्यात भरलं असतं तर? नव्वद सेंटिमीटर उडायला एकशे ऐंशी दिवस. डिसेंबरात भरलेलं तळं जूनच्या पावसाच्या तोंडाशी मीठ धरायला लागलं असतं, आणि पहिल्या सरीने सगळं संपलं असतं. कोकणातल्या मिठाला जानेवारी ते मे एवढीच मुदत आहे. उथळपणा हा त्या मुदतीशी घातलेला मेळ आहे.

त्या एका गुंठ्यातल्या दहा हजार लिटरांत मीठ असतं दोनशे सत्तर किलो, त्यातलं हाती येतं दोनशेच्या आसपास. एक टन मिठासाठी पन्नास हजार लिटर समुद्रपाणी हवं. आणि दहा गुंठ्यांत तापून तयार झालेलं पाणी एका गुंठ्याच्या वाफ्यात मावतं. म्हणून कुठलंही मिठागर उंचावरून पाहिलं तर त्याचा बहुतेक भाग मीठ न देणाराच दिसतो. आधी खाडीलगत मोठा बांध आणि त्याला उघाडी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उघाडी उघडून भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटी लागायच्या आत बंद करायची. हे पाणी साठवणीच्या तळ्यात गाळ टाकून निवळतं. तिथून पाटाने तापवण्याच्या वाफ्यांत, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. चुना आणि चिरोडी या प्रवासात मागे राहतात. शेवटी लहान, सपाट, घोटून घट्ट केलेल्या वाफ्यांत मीठ धरतं.

या शेवटच्या वाफ्यांची जमीन म्हणजे मिठागराचं सगळ्यांत मेहनतीचं काम. पावसाळा संपल्यावर तळ उपसून, चिकण चिखल पायांनी तुडवून तुडवून तो इतका घट्ट करायचा की पाणी खाली झिरपू नये आणि फावड्याने मीठ ओढताना चिखल वर येऊ नये. तळ कच्चा राहिला तर दोन्ही गोष्टी होतात. पाणी जिरतं, त्यामुळे पीक कमी येतं, आणि जे येतं ते काळपट असतं. कोकणचं जुनं मीठ राखाडी दिसायचं ते यामुळेच. आगरी लोक मीठ 'पिकतं' असंच म्हणतात, आणि खरोखर या कामात शेतीची सगळी लक्षणं आहेत. अवकाळी पावसाची धास्तीसुद्धा. एप्रिलमधली अर्ध्या तासाची सर महिन्याचं तापवलेलं पाणी पुन्हा पातळ करून जाते.

काढलेलं मीठ ढिगाने रचून ठेवतात आणि त्यावर पेंढा किंवा गवत घालतात. इथे एक गोष्ट घडते जिचा पुढच्या व्यापाराशी संबंध आहे. ताज्या मिठाच्या दाण्यांना कडू पाणी चिकटलेलं असतं. ढीग उभा राहिला की हवेतली ओल खेचून ते पाणी हळूहळू पाझरून जातं. त्यामुळे नवं मीठ वजनाला भारी आणि चवीला उणं, तर मुरलेलं मीठ हलकं आणि चोख. नव्या मिठाची गोणी घाटावर पोचेपर्यंत वाटेतच थोडी हलकी होते. हे ज्याला ठाऊक नाही तो त्या धंद्यात बुडतो.

प्राचीन मिठागराचे अवशेष कोकणात सापडावेत अशी अपेक्षा मात्र करू नये. ज्या चिखलाच्या वाफ्यांना दरवर्षी नव्याने तुडवतात, ज्यांचे बांध भरती फोडते आणि माणसं पुन्हा घालतात, त्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचा थर शिल्लक राहत नाही. इथे लेणी राहतात, नाणी राहतात, मिठागर राहत नाही. म्हणून पुरावा शोधायचा तो शब्दांत आणि कायद्यात.

कायद्याचा सगळ्यांत सविस्तर पुरावा कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. हा ग्रंथ पूर्णपणे मौर्यकाळचा की नंतरच्या शतकांत त्याला आजचं रूप आलं यावर वाद आहे, पण सातवाहनांच्या काळापर्यंत त्यातला व्यवहार रुळलेला होता असं मानायला हरकत नाही. त्यात खाणींच्या प्रकरणात लवणाध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. तयार झालेल्या मिठातला राजाचा वाटा वेळच्या वेळी गोळा करणं हे त्याचं काम. बाहेरून आलेल्या मिठाने सहावा हिस्सा द्यायचा. मिठात भेसळ करणाऱ्याला सर्वांत मोठा दंड, आणि परवान्यावाचून मीठ करणाऱ्यालाही तोच. यातून सुटका फक्त वानप्रस्थांना. श्रोत्रिय, तपस्वी आणि वेठीला आलेले मजूर यांनी मात्र जेवणापुरतं मीठ घेऊन जावं, त्याला आडकाठी नाही. या शेवटच्या सवलतीपाशी मी नेहमी थांबतो. वेठीच्या मजुराला मजुरी द्यायची नाही, पण मीठ नेऊ द्यायचं, कारण दिवसभर घाम गाळलेला माणूस मिठावाचून दुसऱ्या दिवशी उभा राहणार नाही, हे राज्य चालवणाऱ्याला पक्कं कळलेलं दिसतं.

मीठ राजाच्या हाती इतक्या सहज का आलं याचं उत्तर मिठागराच्या रचनेतच आहे. गहू कोणीही कुठेही पेरतो. समुद्राचं मीठ फक्त सपाट खाजणात, ठरलेल्या चार-पाच महिन्यांत, उघड्यावर, पांढऱ्या ढिगांनी पिकतं. ते लपवता येत नाही. उघाडीपाशी एक आणि ढिगापाशी एक माणूस बसवला की सगळी मोजणी झाली.

पण नाशिकच्या शेतातलं मीठ हे नव्हे. त्यासाठी चरकसंहितेतली मिठाची यादी पाहावी लागते. तिथे पाच प्रकार दिलेले आहेत: सैंधव, सौवर्चल, विड, औद्भिद आणि सामुद्र. उपासाला आपण अजून जे वापरतो ते सैंधव सिंधू नदीच्या प्रदेशातलं, खाणीतलं. दोन हजार वर्षं ते आपल्या गावाचं नाव लावून देशभर फिरतं आहे. सामुद्र म्हणजे मिठागराचं. आणि औद्भिद म्हणजे जमिनीतून उगवून आलेलं. दख्खनमध्ये जिथे पाऊस कमी आणि निचरा वाईट, तिथे उन्हाळ्यात काळ्या जमिनीवर पांढरट खार फुलतो. ही माती खरवडायची, खड्ड्यात भरायची, वरून पाणी ओतायचं, खाली झिरपलेलं खारं पाणी धरून आटवायचं. हे मीठ समुद्राच्या मिठापेक्षा उणं असतं. त्यात सोडियमचे दुसरे क्षार मिसळलेले असतात, त्यामुळे ते कडवट लागतं आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडवतं. तरी गरिबाला ते परवडतं, कारण ते घाट चढून आलेलं नसतं.

इथे आपल्या दोन जमातींची नावं समोर ठेवावीत. आगरी हे नाव आगरावरून आलं, म्हणजे मिठागरावरून; ती खाडीकाठची माणसं. लोणारी हे नाव लवणावरून आलं, आणि ही माणसं घाटावरची. पुढे त्यांचा धंदा चुना आणि कोळसा भाजण्याचा झाला, तरी नावात मीठ राहून गेलं. एका भाषेत मिठाचे दोन धंदे, दोन नावं. तसं पाहिलं तर मीठ हा शब्दच गमतीचा आहे. तो आला मृष्ट या संस्कृत शब्दावरून, ज्यातून 'मिठा', म्हणजे गोड, हा शब्दही निघाला. जुना लोण हा शब्द लोणच्यात आणि लोणारमध्ये शिल्लक उरला.

आता अलोणखादकं हा शब्द कोड्यात टाकत नाही. राजाच्या माणसांना मिठासाठी माती खणायचा हक्क होता, आणि ते ज्याच्या शेतात खार फुलला त्याच्या शेतात शिरत. खणलेली जमीन त्या वर्षी पिकाची राहत नसे. भिक्षूंना नको होता तो हा त्रास. ही सवलत नाशिकपुरती नव्हती हे पुढच्या वाकाटकांच्या ताम्रपटांवरून दिसतं. दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मक इथला ताम्रपट घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या, अचलपूरजवळच्या या गावाचं दान हजार ब्राह्मणांना दिलेलं आहे, आणि त्यातही लवणाचा आणि खणण्याचा उल्लेख सवलतींच्या यादीत येतो. हे गाव समुद्रापासून पाचशे किलोमीटरहून दूर. पण त्याच्या दक्षिणेला पूर्णा नदीचं खारपाण खोरं आहे. त्या भागात विहिरींतून खारं पाणी काढून मीठ करण्याचा धंदा इंग्रजी अमदानीपर्यंत चालू होता. वाकाटकांच्या लेखनिकाने हा शब्द नुसता परंपरेने उतरवला असं मला वाटत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर पूर्णाकाठची माणसं असणार.

दोन मिठांपैकी कोणतं कुठे खपेल हे ठरत होतं वाटेवर. समुद्राचं मीठ आगरात जवळजवळ मातीमोल असतं, त्याला मोल येतं ते चढावर. कल्याणहून नाणेघाट, तिथून जुन्नर, आणि पुढे गोदावरीकाठचं प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण, ही वाट पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटरची. नाणेघाटात बैलगाडी चढत नाही. पाठीवर दोन बाजूंना गोण्या टाकलेला बैल चढतो. असा बैल शंभर-सव्वाशे किलो नेतो, चरत चरत चालतो, आणि दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटरांहून अधिक जात नाही. म्हणजे पैठणला पोचायला पंचवीस ते तीस दिवस. माणसाला वर्षाला चार-पाच किलो मीठ पुरतं असं धरलं तर एका बैलाच्या ओझ्यात वीस-पंचवीस माणसांचं वर्ष निघतं. दहा हजार वस्तीच्या नगरीला दरवर्षी चार-पाचशे बैल मिठाचेच हवेत, आणि यात गुराढोरांचं, कातडं कमावण्याचं, मासळी खारवण्याचं मीठ धरलेलं नाही. त्यात पावसाळ्याचे चार महिने घाट बंद. भिजलेली गोणी म्हणजे वाटेवर सांडलेलं खारं पाणी.

मीठ चारणीच्या बैलावर इतकं दूर जाऊ शकलं याचं कारण बैलाचा खर्च वाटेवरच्या गवतात भागत होता, आणि परतीचं ओझं तयार होतं. मीठ वर, धान्य आणि डाळी खाली. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. त्याने लिहून ठेवलं आहे की या फिरत्या लोकांच्या चार जाती असत: एक नुसतं धान्य वाही, दुसरी तांदूळ, तिसरी डाळी आणि चौथी फक्त मीठ. आपल्याकडचे वंजारी आणि लमाणी हे त्याच व्यवहारातले. सातवाहनांच्या काळातल्या तांड्यांचं असं वर्णन आपल्याकडे कोरलेलं नाही. लेण्यांच्या दात्यांत धान्यवाले, सोनार, गंधी, लोहार भेटतात, मीठवाला भेटत नाही. पेरिप्लसचा ग्रीक नावाडीही भडोच, सोपारा, कल्याण ही बंदरं सांगतो आणि मिठाबद्दल गप्प बसतो. त्यात नवल नाही. त्याच्या जहाजाला मीठ न्यायचं नव्हतं. मिठाचं तोंड जमिनीकडे होतं.

तांड्यांचं हे चित्र मला मिळालं ते दक्षिणेत. त्याच शतकांतल्या तमिळ संगम साहित्यात उमणर नावाचे मीठवाले वारंवार येतात. किनाऱ्यावर मीठ पिकतं, उमणर ते गाड्यांत भरून कुटुंबकबिल्यासह आत डोंगराळ मुलखात नेतात. अकनानूरूतल्या एका कवितेत उमणरांची मुलगी गावातून मीठ विकत चालली आहे आणि तिची आरोळी भातास मीठ मापास माप अशी आहे. पुरनानूरूत एका राजपुत्राची तुलना गाडीच्या फाजील आसाशी केलेली आहे, कारण चढउताराच्या वाटेवर मिठाच्या ओझ्याने आस मोडतो म्हणून उमणर दुसरा आस गाडीखाली बांधून नेत. त्यांना गाड्या वापरता आल्या. आपल्याकडे सह्याद्रीच्या भिंतीने तो प्रश्नच ठेवला नाही. ज्या धंद्यात फाजील आस ही घरगुती गोष्ट होते, तो धंदा कवीच्या काळी जुना झालेला असतो.

वाट अरुंद असली की तिच्या तोंडाशी जकात बसते. नाणेघाटाच्या माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत असं लोक सांगतात, आणि घाटाचं नावही त्यावरून पडलं असं म्हणतात. रांजणाचं काही असो, घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिने यज्ञांच्या दक्षिणांची जी लांबलचक यादी कोरून घेतली, त्यातल्या हजारो गाई आणि कार्षापणांचा उगम या वाटेवरून जाणाऱ्या मालात असावा, असं तिथे उभं राहिल्यावर वाटतंच.

जकातीने मिठाची वाट कशी वळते याचं नेमकं उदाहरण आपल्याकडे बऱ्याच पुढच्या काळातलं आहे. 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलं की बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीजांच्या गोव्यातलं, मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि संगमेश्वराकडचं मीठ पडून राहतं. तेव्हा घाटावर जाणाऱ्या बारदेशी मिठावर अशी जबर जकात बसवावी की ते संगमेश्वरी मिठापेक्षा महाग पडावं. दोन्ही ठिकाणचं समुद्रपाणी एकच, ऊन एकच, वाफेही तसेच. फरक केला तो घाटाखालच्या नाक्याने. कौटिल्याने बाहेरच्या मिठावर लावलेला सहावा हिस्सा इथे वेगळ्या रूपात पुन्हा भेटतो, आणि त्यामागचं कारणही पत्रातच दिलेलं आहे.

नाशिकच्या भिंतीकडे परत येतो. तिथे दुसरं आज्ञापत्र आहे ते पहिल्यानंतर सहा वर्षांचं. आता गोवर्धनचा अमात्य बदलला आहे, त्याचं नाव श्यामक. राजाबरोबर राजमाताही आज्ञा देते. ती अशी की भिक्षूंना पूर्वी काखडी गावात शेत दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसलेलं नाही. गाव का उठलं हे दगड सांगत नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवर आमच्या मालकीची जी जमीन आहे, तिच्यातलं शंभर निवर्तनांचं शेत भिक्षूंना द्यावं. दोनशेंच्या जागी शंभर, पण नगराला लागून.

आणि मग सवलतींची तीच यादी पुन्हा येते. शिरू नये, हात लावू नये. नव्या शेतासाठी, नव्या अमात्याला उद्देशून, त्या लेखनिकाने अलोणखादकं हा शब्द पुन्हा एकदा लिहिला आहे.